एक्क्याण्णव आणि सत्तावीस

(कोल्हापुरात गणितप्रेमींच्या एका बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आधी एक कबुली देऊन टाकतो. नोकरीच्या पहिल्याच वर्षी नववीच्या वर्गात फळ्यावर मूळ संख्या लिहीत होतो. ८३, ८९ आणि मग झोकात ९१. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, तेरा साती एक्क्याण्णव." पोरं हसली, मीही हसलो, पण कान लाल झाले ते झालेच. तेव्हापासून ९१ माझ्या डोक्यात बसलाय. विषम आहे, अंकांची बेरीज १० म्हणून ३ चा भाग जात नाही, शेवटी ५ नाही, ११ लाही दाद देत नाही. असा हा सज्जन दिसणारा आकडा. आज त्यालाच समोर बसवून बोलणार आहे.

आपलं सगळं बोलणं बाकीचं. अंबाबाईचा वार शुक्रवार. आज शुक्रवार असेल तर शंभर दिवसांनी कोणता वार, हे काढताना आपण शंभराला सातने भागतो आणि उरलेल्या दोनाकडेच बघतो. म्हणजे रविवार. आता हेच वर्गसमीकरणाला लावायचं. क्ष² + क्ष + १ मध्ये क्ष च्या जागी एखादी संख्या घातली आणि उत्तराला सातने नि:शेष भाग गेला, तर ती संख्या "सातच्या हिशेबात" या समीकरणाची उकल. पुस्तकात उकलीला मूळ असंही म्हणतात; पण मूळ संख्या वेगळी आणि समीकरणाचं मूळ वेगळं, त्यात आज घोळ नको. मी उकलच म्हणेन.

सातच्या हिशेबात शून्य ते सहा एवढ्याच संख्या तपासायच्या, बाकीच्या त्यांचीच पुनरावृत्ती. ० घातला तर १, १ घातला तर ३, २ घातला तर ७, म्हणजे भाग गेला. ३ ला १३, ४ ला २१, पुन्हा भाग गेला. ५ ला ३१, ६ ला ४३. उकली दोन: २ आणि ४. हेच समीकरण पाचच्या हिशेबात घ्या: १, ३, ७, १३, २१. एकालाही पाचाचा भाग जात नाही, उकल शून्य. तीनच्या हिशेबात १, ३, ७ येतात. फक्त १ घातल्यावर भाग जातो, उकल एक.

शून्य, एक, दोन. तीन का होत नाहीत? सातच्या हिशेबात २ ही उकल आपल्या हातात आहे. समजा 'क' नावाची आणखी एक उकल आहे. दोघांची किंमत सातने भागली जाते, तर त्यांची वजाबाकीही भागली जाणार. ती वजाबाकी मांडली की अवयव पडतात: (क − २)(क + ३). या गुणाकाराला सातचा भाग जातो. सात मूळ संख्या आहे, तिचे तुकडे होत नाहीत, त्यामुळे ती अख्खीच्या अख्खी एका कंसात असणार. पहिल्यात असेल तर क म्हणजे २ च. दुसऱ्यात असेल तर क म्हणजे −३, म्हणजेच ४. तिसऱ्याला जागाच नाही. या युक्तिवादात सातचा एकच गुण वापरला, तो म्हणजे तिला फोडता येत नाही. म्हणून कुठलीही मूळ संख्या घ्या, वर्गसमीकरणाच्या उकली दोनाच्या वर जात नाहीत. अट एवढीच, की क्ष² चा सहगुणक त्या संख्येने भागला जात नसावा. नाहीतर ते वर्गसमीकरण उरतच नाही.

शून्य, एक की दोन हे मोजायला सगळे आकडे घालत बसायचं नसतं. समीकरणाला चौपट सहगुणकाने गुणून वर्ग पूर्ण करायची जी रीत आपण दहावीत शिकतो, ती श्रीधराचार्यांची. भास्कराचार्यांनी 'बीजगणिता'त त्यांच्या नावानिशी दिली आहे. आपल्या समीकरणाला चारने गुणा: (२क्ष + १)² + ३. म्हणजे प्रश्न उरतो एकच, या हिशेबात −३ हा कुणाचा वर्ग आहे का? हा −३ म्हणजे आपला विवेचकच. सातच्या हिशेबात −३ म्हणजे ४, तो २ चा वर्ग आणि ५ चाही, म्हणून दोन उकली. तीनच्या हिशेबात −३ म्हणजे शून्य, म्हणून एक. पाचच्या हिशेबात −३ म्हणजे २. आणि पाचच्या हिशेबात वर्ग येतात फक्त ०, १ आणि ४. म्हणून एकही नाही. शाळेत विवेचक धन, शून्य, ऋण असे तीन प्रकार पाठ केले होते, त्यांचेच हे भाऊबंद. फक्त मूळ संख्या २ असेल तर चारने गुणणं म्हणजे शून्याने गुणणं होतं, तिथे ही रीत चालत नाही. ० आणि १ घालून बघायचं, दोनच तर आहेत.

आता ९१. तेच समीकरण. ९ घाला: ८१ + ९ + १ = ९१. वा! १६ घाला: २५६ + १६ + १ = २७३, म्हणजे तीन वेळा ९१. ७४ आणि ८१ घातले तरी भाग जातो. चार उकली! मघाचा युक्तिवाद कुठे मोडला? ९ ही उकल धरून पुन्हा मांडू: (क − ९)(क + १०) ला ९१ चा भाग जायला हवा. क म्हणजे १६ घाला. पहिला कंस ७, दुसरा २६. एकात सात आहे, दुसऱ्यात तेरा आहे. एकट्या कंसात ९१ नाही, पण गुणाकार १८२, त्यात दोन वेळा ९१. संयुक्त संख्येचे अवयव दोन कंसांत वाटून घेता येतात, आणि जेवढ्या तऱ्हेने वाटणी जमते तेवढ्या जास्तीच्या उकलींना वाट मिळते.

वाट मिळते हे ठीक, पण नक्की चारच का? आमच्या होस्टेलच्या मेसमध्ये समजा तेरा दिवसांची भाज्यांची फेरी आहे. वार सातच्या फेरीत फिरतात, भाज्या तेराच्या. तर "बुधवार आणि तांबडा-पांढरा" ही जोडी ९१ दिवसांत किती वेळा येईल? बरोबर एकदा. प्रत्येक वाराची प्रत्येक भाजीशी एकदा गाठ पडते. मेसवाल्याने चौदा दिवसांची फेरी ठेवली, तर मात्र बिघडलं: बुधवारची भाजी बुधवारीच अडकून पडेल, काही जोड्या कधीच येणार नाहीत. सात आणि तेरा यांचा मसावि १ आहे, त्यावर हा सगळा खेळ आहे. जोडीवरून दिवस शोधण्याची रीत म्हणजे आर्यभटांचं कुट्टक.

मग ९१ च्या हिशेबातली उकल म्हणजे सातच्या हिशेबातली एक उकल आणि तेराच्या हिशेबातली एक, यांची जोडी. सातला २ आणि ४, तेराला ३ आणि ९. सातने भागून २ उरणाऱ्या संख्या मोजा: २, ९, १६. त्यात १६ ला तेराने भागलं की ३ उरतात, म्हणजे (२, ३) या जोडीचा दिवस सोळावा. दोन गुणिले दोन, चार.

गुणाकार आहे म्हणून तो उलटाही फिरतो. ३५ च्या हिशेबात सातच्या दोन उकली आहेत, पण पाचाकडे शून्य, म्हणून एकूण शून्य. २१ च्या हिशेबात एक गुणिले दोन, म्हणजे ४ आणि १६ या दोनच. तेव्हा दोन उकली आल्या की संख्या मूळ, असं कुणी म्हणू नये. २१ मध्ये फसाल. आणि एकाच मूळ संख्येचा घात असेल तरी वाटणी होऊ शकते: ९ च्या हिशेबात क्ष² = ० ला ०, ३, ६ अशा तीन उकली आहेत, कारण एक तीन या क्ष मध्ये, दुसरा त्या क्ष मध्ये. ८ च्या हिशेबात क्ष² = १ ला १, ३, ५, ७ सगळेच चालतात. तिथे जोड्यांचा हिशेब लागत नाही, वेगळा करावा लागतो; आज त्यात शिरत नाही.

याचा उपयोग बघू. फर्माने १६४० मध्ये सांगून ठेवलंय की मूळ संख्या 'प' असेल आणि तिचा भाग न जाणारी कुठलीही संख्या घेऊन तिचा (प − १) वा घात केला, तर बाकी १ उरते. ९१ ला हीच परीक्षा लावू, पाया ३ घेऊन. ३ चा सहावा घात ७२९, आणि आठ वेळा ९१ म्हणजे ७२८. बाकी १. मग ३ च्या ९० व्या घाताचीही बाकी १, कारण नव्वद म्हणजे पंधरा वेळा सहा. म्हणजे ९१ परीक्षेत पास! मी फळ्यावर फसलो, तशी फर्माच्या नियमावरची ही परीक्षाही इथे फसली.

पण एक पाऊल मागे या. ९० व्या घाताची बाकी १ आहे, तर ४५ व्या घाताची किती? सहाच्या सात फेऱ्यांचे बेचाळीस गेले, उरला तिसरा घात, म्हणजे २७. थोडक्यात, २७ चा वर्ग १ आहे. संख्या मूळ असती तर क्ष² = १ च्या उकली दोनच: १ आणि −१, इथे ९०. सत्तावीस यांपैकी कुणीच नाही. सापडला चोर! शिवाय तो मुद्देमालासकट सापडतो: २७ − १ = २६ आणि २७ + १ = २८. २६ आणि ९१ चा मसावि १३, २८ आणि ९१ चा मसावि ७. एवढ्या एका पावलावर गॅरी मिलर यांनी १९७६ मध्ये कसोटी बांधली, मायकेल राबिन यांनी १९८० मध्ये तिला यादृच्छिक रूप दिलं.

कसोटीही फसते, हे लपवत नाही. पाया ९ घ्या: ४५ व्या घाताची बाकी थेट १. पाया १० घ्या: बाकी ९०. दोन्ही वेळा ९१ निर्दोष सुटतो. पण राबिन यांनी दाखवलं की विषम संयुक्त संख्येला असे सोडून देणारे पाये फार तर एक चतुर्थांश असतात. ९१ साठी नव्वदात अठरा. दहा पाये यदृच्छेने उचला, दहाही फसवे निघण्याची शक्यता दहा लाखांत एकाहूनही कमी.

व्याख्यान संपताना पहिल्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. ती वहीत पाया २ घेऊन बसली होती. "सर, ९० व्या घाताची बाकी १ येतच नाही, ६४ येते. म्हणजे फर्माच्या परीक्षेतच नापास. पण मग अवयव कसे मिळणार?" मी म्हटलं, ६४ चा एकदा वर्ग कर बघू. तिने गुणाकार मांडला: ४०९६. ९१ ने भागला, बाकी १. मग वहीत ६४ च्या एका बाजूला ६३ लिहिले, दुसऱ्या बाजूला ६५, आणि पहिल्याखाली ७, दुसऱ्याखाली १३.