सकाळची पहिली लघवी कोणत्या दिवसाची?

रुग्ण केव्हा किती लघवी झाली आणि काय प्यायलं हे हाताने लिहून ठेवतो, त्या लघवीच्या डायरीचं कोष्टक करताना बहुतेकांचा हात रात्री बाराला थांबतो. तारीख बदलली की नवा दिवस, असं आपण धरतो. इथे मात्र दिवस सुरू होतो तो उठल्यानंतरच्या पहिल्या लघवीनंतर आणि संपतो दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीबरोबर. म्हणून झोपायला गेल्याची आणि उठल्याची वेळ नसेल, तर मी आकडे भरण्याआधी ती रुग्णाला विचारून घेते.

68 वर्षांच्या एका रुग्णाची डायरी कल्पून पाहू. तक्रार रात्री दोनदा उठावं लागतं ही. दिवसभरात सात वेळा लघवी, मिळून 1150 मिली. साडेदहाला झोप. मग साडेबाराला 300, सव्वातीनला 350 आणि सकाळी सहाला उठल्यावर 300. चोवीस तासांचे 2100 मिली झाले. आता ही सहाची नोंद दिवसात टाकली, तर रात्रीचे 650 उरतात, म्हणजे 31 टक्के. पण ते मूत्र झोपेतच तयार झालं आहे. रात्रीत धरलं की 950 मिली, 45 टक्के. पासष्टीपुढच्या माणसात 33 टक्क्यांपेक्षा जास्त वाटा असला, तर रात्री मूत्रच जास्त तयार होतंय असं समजतात. तरुणांसाठी ही मर्यादा साधारण 20 टक्के आहे. एका ओळीच्या जागेने डॉक्टरांचं लक्ष मूत्राशयावरच खिळून राहिलं असतं. पायांची सूज, हृदय, झोपेतला श्वास, संध्याकाळचं पिणं हे तपासायचं राहून गेलं असतं. रात्री उठण्याची संख्या मात्र दोनच राहते, कारण सहाला ते पुन्हा झोपलेले नाहीत.

हस्ताक्षरात ‘12.30’ एवढंच असतं. दुपार की रात्र, हे वरखालच्या नोंदींवरून ठरवावं आणि कोष्टकात 00:30 लिहावं. ‘एक कप चहा’ हा रुग्णाच्या कपाचा असतो. तो कप एकदा पाण्याने भरून मोजायला सांगावा. मूळ शब्द शेजारच्या रकान्यात तसेच ठेवावेत.

‘सव्वापाच, खूप घाई, दाबून धरलं’ या नोंदीला स्वतंत्र ओळ द्यावी. ती घाईत मोजायची, लघवीच्या संख्येत नाही.

सगळ्यात जास्त जपावं लागतं ते ‘बाहेर होतो, मोजलं नाही’ या नोंदीला. तिथे शून्य लिहू नये, सरासरीही भरू नये. वेळ लिहावी, मापाची जागा रिकामी ठेवावी. त्या दिवसाची संख्या वापरता येते. एकूण माप ‘किमान इतकं’ असं लिहावं. टक्केवारी काढूच नये, कारण दिवसाचं एक माप गळालं की रात्रीचा वाटा खोटाच फुगतो. तीन दिवसांच्या डायरीत असा एक दिवस निघाला, तर उरलेल्या दोन दिवसांची टक्केवारी द्यावी आणि ती दोनच दिवसांची आहे हे तिथेच लिहावं.