दुसऱ्या फेरीनंतरचा आभाराचा मेल

विक्रीच्या नोकरीसाठी पहिल्या फेरीत आपण कसे बोलतो हे पाहिले जाते. दुसऱ्या फेरीत मात्र समोर बहुधा तोच व्यवस्थापक बसलेला असतो ज्याच्या हाताखाली आपल्याला काम करायचे असते, आणि तो स्वतःच्या रोजच्या डोकेदुखीतलाच एखादा प्रश्न विचारतो. त्यामुळे या फेरीनंतरचा आभाराचा मेल हा नुसता शिष्टाचार राहत नाही. ग्राहकाला भेटून आल्यावर चांगला विक्रेता संध्याकाळी जी चिठ्ठी धाडतो, तिचाच तो नमुना असतो आणि वाचणाराही तो त्याच नजरेने वाचतो.

मी अनेक वर्षे साबण, तेल, बिस्किटे अशा रोजच्या वापराच्या मालाच्या विक्रीत काढली आणि अशा मुलाखतीही घेतल्या. त्यांतली एक सविस्तर सांगतो. जागा क्षेत्र विक्री अधिकाऱ्याची होती. मी उमेदवार मुलीला विचारले, ‘‘महिनाअखेर आहे, तुमचे टार्गेट अपुरे आहे आणि वितरक आणखी माल उचलायला तयार नाही. काय कराल?’’ ती म्हणाली, ‘‘सर, संबंध चांगले असतील तर मी त्यांना समजावीन.’’ उत्तर कच्चे होते आणि ते तिच्याही लक्षात आले असावे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मेल आला. विषयाच्या ओळीत पदाचे नाव आणि मुलाखतीची तारीख होती. मजकूर असा होता :

‘‘नमस्कार सर, काल आपण वेळ दिलात आणि वितरकाच्या अडचणी सविस्तर समजावून सांगितल्यात, त्याबद्दल मनापासून आभार. महिनाअखेरच्या प्रश्नाला मी दिलेले उत्तर अपुरे होते. समजा, वितरकाचा महिन्याचा निव्वळ नफा 24,000 रुपये आहे. गोदामात 6 लाखांचा माल, बाजारात 4 लाखांची उधारी आणि कंपनीकडे 2 लाखांचे क्लेम अडकलेले आहेत. म्हणजे 12 लाखांवर त्याला महिना 2 टक्के सुटतात. मी आणखी 3 लाखांचा माल त्याच्या गळ्यात मारला आणि तो दुकानांत गेला नाही, तर हाच परतावा 1.6 टक्क्यांवर येईल. उलट अडकलेले क्लेम आधी मिळवून दिले, तर तो 2.4 टक्के होईल. म्हणून मी आधी क्लेमची कागदपत्रे पूर्ण करीन, मग दुकानांतील खपाचा आकडा पाहून तेवढ्याच मालाची ऑर्डर मागेन. या पदावर काम करण्याची माझी इच्छा कायम आहे.’’

खाली नाव आणि फोन नंबर, बस्स.

क्लेम म्हणजे वितरकाला कंपनीकडून परत मिळायचे पैसे. मेलमधले आकडे तिने गृहीत धरलेले होते आणि ‘समजा’ म्हणून तिने ते स्पष्टही केले होते. मुलाखतीत मी आमच्या एका वितरकाची खरी रक्कम बोलून गेलो होतो, ती मात्र तिने मेलमध्ये उतरवली नाही. मला हे फार मोलाचे वाटले, कारण मेल पुढे कुणाकुणाकडे जाईल याचा नेम नसतो. दुसरे म्हणजे तिने एकच उत्तर दुरुस्त केले. तीन-चार उत्तरे पुन्हा लिहिणाऱ्या उमेदवाराबद्दल, समोरासमोर याला काहीच सुचत नाही, अशी शंका येते. आणि विक्रीत तर सगळे समोरासमोरच घडते.

चुका कुठे होतात, तेही पाहू. मुलाखत दोघांनी घेतली असेल तर बरेच जण एकच मजकूर दोघांना पाठवतात. ते दोघे शेजारी बसतात, एकमेकांना मेल दाखवतात आणि ‘आपल्याशी झालेली चर्चा विशेष भावली’ हे वाक्य दोन्हीकडे निघते. प्रत्येकाला त्याने विचारलेल्या प्रश्नाबद्दलच लिहावे. जुन्या मेलमधील दुसऱ्याच कंपनीचे नाव तसेच राहणे, हेही मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्या उमेदवाराचा पुढे विचार झाला नाही. मुलाखत घेणाऱ्याचा पत्ता नसेल तर एचआरच्या ज्या मेलवरून बोलावणे आले, त्यालाच उत्तर देऊन तो पुढे पोहोचवण्याची विनंती करावी. कुठून तरी खासगी नंबर मिळवून व्हॉट्सअॅप करू नये. पगाराचा विषय या मेलमध्ये आणू नये. तो एचआरशी बोलायचा असतो.

अशा मेलने नापसंत उमेदवार पसंत होत नाही, हेही मी स्पष्ट सांगतो. त्या जागेसाठी शेवटी दोघे उरले होते आणि दोघांचा अनुभव जवळपास सारखाच होता. मी तिचा मेल माझ्या वरिष्ठांना दाखवला. त्यांनी क्लेमचे वाक्य दोनदा वाचले आणि विचारले, ‘‘हिला कोणत्या वितरकाकडे आधी पाठवशील?’’