फेस, पाणी आणि दाढीचे खुंट

नमस्कार, श्रोतेहो.

1959 साली अमेरिकेत टीव्हीवर एक जाहिरात लागायची. रॅपिड शेव्ह नावाच्या डब्यातल्या फेसाची. सँडपेपरवर म्हणजे पॉलिशपेपरवर तो फेस लावायचा आणि लगेच वरून रेझर फिरवायचा, की खरखरीत वाळू एका फटक्यात साफ! एवढा खडबडीत कागद गुळगुळीत होतो तर तुमची दाढी का नाही होणार, असा त्यातला अर्थ. पुढे ते प्रकरण थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1965 साली निकाल लागला. पडद्यावर दिसत होता तो सँडपेपर नव्हताच. प्लेक्सिग्लास नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्यावर वाळू पसरून तो देखावा केला होता. पाहणाऱ्यांपासून हे लपवणं म्हणजे फसवणूक, असं न्यायालयानं ठरवलं. याच खटल्यात पुढे आलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तसला खरा सँडपेपर त्या फेसानं भादरता येत होता, पण त्यासाठी तो सुमारे 80 मिनिटं भिजत ठेवावा लागत होता.

आपल्या दाढीला 80 मिनिटं लागत नाहीत, दोन-तीन मिनिटं पुरतात. पण सूत्र तेच आहे: पाणी आणि वेळ. दाढीचा केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. कोरडा असताना तो ताठ आणि चिवट असतो. पाणी आत मुरलं की त्या प्रथिनातले काही बंध सैल होतात, केस थोडा फुगतो आणि पात्याला जोर बराच कमी लागतो. अडचण एवढीच, की केसावर त्वचेच्या तेलाचा पातळ थर असतो आणि नुसतं पाणी लावलं तर ते मुरण्याआधी ओघळून जातं. साबणाचा फेस तो तेलकट थर काढतो, पाणी केसाला धरून ठेवतो आणि पातं सरकण्यापुरता निसरडेपणा देतो. म्हणून फोम, जेल, क्रीम आणि साबण यांची तुलना करताना मी एकच प्रश्न विचारतो: यातलं कोण केसाजवळ जास्त पाणी जास्त वेळ टिकवतं?

आधी फोम घेऊ. डब्यात साबणाचं पातळ द्रावण असतं आणि दाबाखाली भरलेला वायू असतो. बटण दाबलं की वायू प्रसरण पावतो आणि तळहातावर पांढरा ढीग उभा राहतो. दिसायला भरपूर, पण त्यातला मोठा भाग हवेचा. गालावर बोटभर जाड थर दिला तरी केसाला प्रत्यक्ष भिडणारं पाणी थोडंच असतं. शिवाय डब्यातून बाहेर येतो तो तयार फेस, त्यामुळे आपण तो लावतो आणि लगेच रेझर उचलतो. भिजण्याचा वेळच मिळत नाही. ज्यांची दाढी विरळ आणि मऊ आहे त्यांचं यावर भागतं.

जेल त्याच घराण्यातलं असलं तरी माझ्या मते फोमपेक्षा चांगलं. त्यात वायूऐवजी अगदी कमी तापमानाला उकळणारा द्रव मिसळलेला असतो. बोटांच्या आणि चेहऱ्याच्या उबेनं त्याची वाफ होते आणि जेलचा फेस त्वचेवरच तयार होतो. त्यामुळे तो केसांच्या मुळाशी बसतो, अधिक दाट असतो आणि निसरडाही जास्त. मात्र जेल ओल्याचिंब चेहऱ्यावर लावा, थोडंच घ्या आणि पांढरं होईपर्यंत बोटांनी नीट चोळा. प्रवासात मी जेलच नेतो.

आता क्रीम आणि साबण. ट्यूबमधलं क्रीम आणि वाटीतला दाढीचा साबण रसायनानं सख्खे भाऊ आहेत. दोन्हींत मुख्य घटक स्टिअरिक आम्लापासून बनलेला साबण असतो. सोडियमचा क्षार वापरला की साबण कडक होतो, पोटॅशियमचा वापरला की मऊ. क्रीममध्ये पोटॅशियम आणि पाणी जास्त म्हणून ते ट्यूबमधून निघतं. वडीमध्ये सोडियमचाही वाटा असतो म्हणून ती घट्ट राहते. दोन्हींत बहुधा ग्लिसरीन असतं, ते ओल धरून ठेवतं.

अंघोळीच्या साबणानं दाढी करणारे बरेच आहेत, त्यांच्यासाठी इथे थांबून सांगतो. अंघोळीच्या साबणात सहसा खोबरेल किंवा पामच्या बियांच्या तेलाचा अंश असतो. त्याचा फेस पटकन येतो, बुडबुडे मोठे असतात आणि तितक्याच पटकन फुटतात. स्टिअरिक आम्लाच्या साबणाचा फेस हळू येतो, पण बुडबुडे बारीक असतात आणि तो उभा राहतो. दाढी मधेच कोरडी पडून पातं ओढायला लागतं ते बऱ्याचदा याच फरकामुळे.

क्रीम आणि साबण यांतून निवडायचंच तर राठ, दाट दाढीच्या माणसाला मी ट्यूबमधलं क्रीम आणि ब्रश सांगेन. साबणाचा फेसही तितकाच उत्तम होतो, कधी अधिक निसरडाही. पण त्याला जास्त घुसळावं लागतं आणि पाण्याच्या बाबतीत तो जास्त हट्टी असतो.

फेस करायची पद्धत आता सावकाश सांगतो. दाढी अंघोळीनंतर केली तर अर्धं काम झालेलं असतं. नाहीतर कोमट पाण्यानं चेहरा दोन मिनिटं ओला ठेवा आणि पुसू नका. तोवर ब्रश कोमट पाण्यात बुडवून ठेवा. ब्रश डुकराच्या केसांचा असेल तर हे फार गरजेचं, कारण ते केस स्वतः पाणी शोषतात. कोरडा ब्रश वापरला तर तो फेसातलंच पाणी पिऊन टाकतो. नायलॉनचा ब्रश पाणी शोषत नाही, तो नुसता ओला केला तरी चालतो.

ब्रश बाहेर काढून दोनदा झटका. निथळत नसावा, पण ओला असावा. मधोमध सेंटीमीटरभर क्रीम घ्या आणि गालावर गोल गोल फिरवायला लागा. पहिल्या अर्ध्या मिनिटात घट्ट, चिकट लेप तयार होईल. पुष्कळ जण इथेच थांबतात, कारण चेहरा पांढरा झालेला असतो. खरं काम इथून सुरू होतं. ब्रशची फक्त टोकं पाण्यात टेकवा आणि पुन्हा फिरवा. पाणी फेसात मुरलं की पुन्हा टोकं टेकवा. असं तीन-चार वेळा करा. गोल फिरवल्यानं खुंट उभे राहतात आणि फेस मुळाशी पोचतो. शेवटी रंग दिल्यासारखे सरळ हात मारून थर सारखा करा.

फेस जमला की नाही हे ओळखायला तीन खुणा पुरतात. तो ढवळलेल्या दह्यासारखा दिसावा, ओलसर चमक असलेला, डोळ्यांना बुडबुडे न दिसणारा. मोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झालं, थोडं क्रीम वाढवा. कडेनं फेस सुकून पापुद्रा धरत असेल तर पाणी कमी आहे. आणि सर्वांत खात्रीची खूण म्हणजे चिमटीत फेस घेऊन बोटं घासून पाहणं. बोटं सुळकन सरकली तर फेस तयार, अडखळली तर अजून थेंबभर पाणी हवं.

आता आपल्याकडच्या पाण्याविषयी. सोलापूर, लातूर, बीडकडे, विदर्भातही अनेक गावांत बोअरचं पाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून न विरघळणारी साय बनवतं. तो साबण फेसाच्या कामाचा उरत नाही. आमच्या नात्यातले एक काका पुण्याला लेकाकडे आले की त्यांची दाढी मस्त व्हायची. गावी गेले की त्याच वडीचा, त्याच ब्रशचा फेस गालावरच विरायचा. ते साबणाला आणि ब्रशला दोष देत होते. पुण्यात घरात धरणाचं पाणी होतं आणि गावी बोअरचं, एवढाच फरक. मगात तरंगणारे पांढरे कण आणि पात्यावर बसणारा चिकट थर पाहिला तेव्हा कारण कळलं.

उपाय सोपा निघाला. पिण्यासाठी आरओचं पाणी घरात होतंच. त्यातलं अर्धा पेला कोमट करून ब्रश भिजवायला आणि फेस करायला वापरायचं, चेहरा धुवायला आणि रेझर खळखळायला बोअरचंच. वडीऐवजी क्रीम घेतलं आणि ते नेहमीच्या दीडपट. फेस दाढी संपेपर्यंत टिकायला लागला. आरओ नसेल तर पाणी उकळून, निवळू देऊन वरचं घ्या. उकळल्यानं जडपणाचा एक भाग भांड्याच्या तळाशी बसतो, सगळा जात नाही. तेवढ्यानंही फरक दिसतो.

फेस लावल्यावर मिनिटभर थांबा, मग रेझर. पहिला हात केसांच्या दिशेनं, दाब न देता. ती दिशा आदल्या दिवशी बोट फिरवून पाहा. गालावर केस खाली उतरतात, पण गळ्यावर बऱ्याच जणांचे आडवे किंवा वर वळलेले असतात आणि नेमकं तिथेच कापतं. अगदी गुळगुळीत दाढी हवी असेल तर तोंड ओलं करून दुसऱ्यांदा फेस लावा. ब्रशमध्ये पुरेसा उरलेला असतो. मग आडवा हात. उलटा हात शेवटी, आणि त्वचा सोसत असेल तरच. कुरळ्या केसांच्या लोकांनी तो टाळावा, कारण फार खोल कापलेला केस त्वचेच्या आत वळतो आणि पुळी येते. फेस नसलेल्या जागेवरून मात्र पातं कधीही फिरवू नका, एखादा खुंट राहिला असला तरी.

ज्यांच्या घरी फोमचा डबा आहे त्यांनी तो टाकू नये. भिजलेल्या ब्रशवर लिंबाएवढा फोम घ्या आणि थेंब थेंब पाणी देत गालावर याच पद्धतीनं दोन मिनिटं फिरवा. ढीग अर्धा होईल, पण जो उरेल तो ओला आणि दाट असेल. फरक पटवून घ्यायचा तर एका गालावर असं करा, दुसऱ्यावर हातानं लावा आणि संध्याकाळी दोन्ही गालांवरून खालून वर बोट फिरवून पाहा.

दाढी झाली की गार पाण्यानं तोंड धुऊन ओली तुरटी फिरवली तरी चालते. बारीक कापलेल्या जागेचं रक्त तिनं थांबतं आणि जिथे जास्त चुरचुरतं तिथे आपण दाब दिला होता हे कळतं. ब्रश फेस जाईपर्यंत धुवा, मुठीत हलका पिळा, झटका आणि मोकळ्या हवेत ठेवा. बंद कपाटात ओला राहिला तर त्याचे केस मुळाशी कुजतात आणि गळायला लागतात.