अठ्ठावीसचे एकवीस

[दृश्य: सकाळची पुण्यातली वेताळ टेकडी. फिरायला आलेली माणसं. खाली कोथरूडची गर्दी.]

पुण्यात या टेकडीला बरेच जण सरळ एआरएआय टेकडी म्हणतात. टेकडीवर ही संस्था आहे म्हणून. पूर्ण नाव ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, स्थापना 1966. गाडीच्या जाहिरातीत बारीक अक्षरात 'प्रमाणित' म्हणून लिटरमागे किलोमीटरचा आकडा छापलेला असतो, तो अशाच तपासणी संस्थेत ठरतो. आपल्याकडे त्याला मायलेज फारसं कोणी म्हणत नाही. आपण विचारतो, "ॲव्हरेज किती देते?"

आज आपण दोनच आकडे घेऊ. एक स्ट्राँग हायब्रिडचा, जी इंजिनाशिवाय नुसत्या मोटर-बॅटरीवरही थोडं अंतर चालते. दुसरा माइल्ड हायब्रिडचा, जिच्यात छोटी मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते. मारुतीची ग्रँड व्हिटारा बाजारात आली तेव्हा तिच्या स्ट्राँग हायब्रिडचा दावा होता 27.97, आणि मॅन्युअल गिअरच्या माइल्ड हायब्रिडचा 21.11. बॉडी तीच, लिटरमागे जवळजवळ सात किलोमीटरचा फरक. शोरूममध्ये बसलेला माणूस या सातवरच हिशेब मांडतो. पण हे सात किलोमीटर रस्त्यावर नेमके किती उरतात?

[दृश्य: रोलरवर उभी गाडी. चाकं फिरताहेत, गाडी जागेवरच. समोर मोठा पंखा.]

चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी रोलरवर चढवतात. आधी मोकळ्या सपाट रस्त्यावर तिला वेगात नेऊन न्यूट्रलमध्ये सोडलेलं असतं, आणि वेग किती सेकंदांत उतरतो ते मोजलेलं असतं. हवा आणि टायर मिळून गाडीला किती अडवतात, ते त्यावरून कळतं. तेवढाच विरोध मग रोलरला लावतात. चालकासमोर पडद्यावर एक रेघ सरकत असते. रेघ वर गेली की वेग वाढवायचा, खाली आली की कमी करायचा. गिअर कधी बदलायचा तेही आधीच ठरलेलं. चालकाच्या मर्जीवर काही नाही.

ही रेघ 1180 सेकंदांची, म्हणजे वीस मिनिटांना वीस सेकंद कमी. पहिल्या भागात शहर: 195 सेकंदांचा एकच तुकडा चार वेळा, वेग कधीही पन्नासच्या वर नाही, आणि दर तुकड्यात साधारण मिनिटभर गाडी नुसती उभी. दुसरा भाग 400 सेकंदांचा, त्यात वेग नव्वदपर्यंत जातो आणि तिथेच संपतो. अंतर साडेदहा किलोमीटरच्या थोडं वर, सरासरी वेग ताशी 32 च्या आसपास. एसी बंद. चढ नाही, घाट नाही, मागच्या सीटवर कोणी नाही.

गंमत म्हणजे पेट्रोल मोजायला कोणी टाकीत डोकावत नाही. धुरांड्यातून निघालेला धूर पिशव्यांत गोळा करतात आणि त्यातला कार्बन मोजतात. पेट्रोलमधून जेवढा कार्बन इंजिनात गेला, तेवढाच धुरातून बाहेर येणार. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, त्यावरून उलटा हिशेब करून लिटर काढतात. हे मोजमाप अतिशय काटेकोर असतं. म्हणून 'कंपन्या खोटं छापतात' हे वाक्य मला पटत नाही. आकडा खरा आहे, पण त्या रेघेचा आहे. तुमच्या रस्त्याचा नाही.

[दृश्य: संध्याकाळी सातची नगर रोड. ब्रेक लाइटांची लाल रांग.]

आता तुमचा रस्ता. आम्ही याच वर्गातल्या दोन गाड्या घेतल्या, एक स्ट्राँग हायब्रिड, दुसरी माइल्ड. दावे 28 आणि 21 च्या आसपास. गाड्यांची नावं सांगत नाही, कारण दोन गाड्यांवरून अख्ख्या मॉडेलचा निवाडा करणं बरोबर नाही. दोन्ही मालक कोथरूडचे, दोघांचं ऑफिस खराडीला. शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, गर्दीत एका बाजूला तास सहज जातो. एप्रिल-मे, एसी पूर्ण वेळ चालू.

[दृश्य: पेट्रोल पंप. नोझल टाकीत. 'कट' असा आवाज.]

मोजायची पद्धत जुनीच, टाकी फुल ते टाकी फुल. डॅशबोर्डवरचा आकडा लिहून घेतला, पण हिशेबात धरला नाही, तो बहुतेक वेळा थोडा उदारच असतो. पंप एकच, शक्यतो नोझलही तेच. पहिला कट झाला की थांबायचं.

"साहेब, राउंड फिगर करू का?"

"नको भाऊ, कट झालं की बास."

ही 'राउंड फिगर' सगळ्या हिशेबाचा घात करते. एकदा टाकी काठोकाठ, एकदा कटपर्यंत, की दोन भरण्यांत लिटरभर फरक सहज पडतो. तीस लिटरच्या हिशेबात तो तीन टक्के, पण पाच लिटर टाकून 'ॲव्हरेज काढणाऱ्याच्या' हिशेबात वीस टक्के! मित्राची तीच गाडी आपल्यापेक्षा चार किलोमीटर जास्त देते, त्यातले निम्मे तरी बहुधा पंपावरच जन्मलेले असतात. म्हणून एका टाकीवर विश्वास नाही. तीन टाक्यांची किलोमीटरं एकत्र, लिटरही एकत्र, आणि मग एकच भागाकार. तीन टाक्यांची तीन ॲव्हरेज काढून त्यांची सरासरी करायची नाही, तिथेही आकडा चुकतो.

तीन टाक्यांनंतर वहीत हे होतं. माइल्ड गाडी: 1128 किलोमीटर, 95.2 लिटर. म्हणजे 11.85. स्ट्राँग हायब्रिड: 1106 किलोमीटर, 52.4 लिटर. म्हणजे 21.1.

हायब्रिडचे अठ्ठावीसचे एकवीस झाले. मालक नाराज होते. पण शेजारची गाडी पाहा, एकवीसची बारासुद्धा झाली नाही. दावा दोघींचा घसरला, पण सारखा नाही: एकीचा चौथा हिस्सा गेला, दुसरीचा चव्वेचाळीस टक्के. 'छापलेल्या आकड्यातून वीस टक्के वजा करा' असा जो सर्रास सल्ला मिळतो, तो इथेच तोंडावर पडतो.

असं का होतं? साधं इंजिन एसी लावून नुसतं उभं राहिलं, तरी तासाला लिटरच्या आसपास पेट्रोल पितं, आणि त्या वेळात किलोमीटर शून्य. माइल्ड हायब्रिड सिग्नलला इंजिन बंद करते हे खरं, चाचणीत त्याचा फायदाही मिळतो, कारण तिथे एसी नसतो. मे महिन्यात मात्र केबिन तापली की गाडी इंजिन बंदच करत नाही, केलं तरी पुन्हा लगेच सुरू करते. शिवाय दर ब्रेकला मिळवलेला बहुतेक वेग उष्णता होऊन उडून जातो. स्ट्राँग हायब्रिड तोच वेग मोटर उलटी चालवून बॅटरीत भरते आणि पुढचे पन्नास मीटर त्यावरच सरकते. गर्दी जितकी वाईट, तितकी तिची कमाई जास्त.

[दृश्य: पहाट. पुणे–कोल्हापूर महामार्ग. खंबाटकी घाट.]

मग त्याच दोन गाड्या आम्ही कोल्हापूरला नेल्या. प्रत्येकीत चार माणसं, मागे सामान, मोकळ्या रस्त्यावर वेग शंभर ते एकशेदहा. जाऊन-येऊन 474 किलोमीटर, परत त्याच पंपावर टाकी फुल. माइल्डला लागले 27.9 लिटर, म्हणजे 17. हायब्रिडला 24.1 लिटर, म्हणजे 19.7.

इथे चित्र उलटलं. साधी गाडी बारावरून सतरावर चढली, हायब्रिड एकवीसवरून खाली आली. मोकळ्या रस्त्यावर ब्रेकच नाही, तर परत काय मिळवणार? हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. चाचणीच्या कमाल नव्वदपेक्षा एकशेदहाला तो जवळजवळ दीडपट असतो, आणि तो ढकलायला शेवटी इंजिनच लागतं. घाट उतरताना बॅटरी भरते, पण ती असते किती मोठी? अशा हायब्रिडमधली बॅटरी घरच्या विजेच्या एका युनिटपेक्षाही लहान असते. अर्ध्या घाटातच ती भरून जाते, पुढचा उतार मग ब्रेकच्या वाट्याला.

[दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल. वही, पेन, पावत्या.]

आता एक काम करू. लिटरमागे किलोमीटर हा हिशेब बाजूला ठेवू आणि उलटं विचारू: शंभर किलोमीटरला किती लिटर? कारण पैसे आपण लिटरचे देतो. दाव्याप्रमाणे हायब्रिडला 3.58 लिटर, माइल्डला 4.74. फरक 1.16 लिटर. आमच्या वहीत शहरात 4.74 आणि 8.44, फरक 3.7 लिटर, म्हणजे छापलेल्यापेक्षा तिप्पट. महामार्गावर 5.08 आणि 5.89, फरक 0.8 लिटर, छापलेल्यापेक्षा कमी. दाव्यांवरून केलेली तुलना शहरातल्या माणसाला फायदा कमी दाखवते आणि महामार्गावरच्या माणसाला जास्त.

पैशात बोलायचं तर महिन्याला 800 किलोमीटर धरा, पेट्रोल 104 रुपये. सगळं रनिंग शहरात असेल तर महिन्याला वाचतात तीन हजारांच्या वर. सगळं महामार्गावर असेल तर 670 रुपयांच्या आसपास. दोन गाड्यांच्या किमतीत तीन लाखांचा फरक धरला, तर पहिल्या माणसाचे पैसे आठ वर्षांत वसूल. दुसऱ्याला लागतील सदतीस वर्षं.

जुन्या गाडीशी तुलना करत असाल तर आणखी एक गोष्ट. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. लिटरभर इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्शाने कमी. म्हणून 2015 सालच्या गाडीचं तेव्हाचं ॲव्हरेज आणि नव्या गाडीचं आजचं, हे एका ओळीत मांडता येत नाही. जुनीचं मोजायचं तर तेही आजच्याच पेट्रोलवर.

[दृश्य: सोसायटीचं पार्किंग. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी.]

शेवटच्या दिवशी वही दोन्ही मालकांसमोर ठेवली. माइल्डवाले काका बराच वेळ 11.85 कडे बघत होते. मग म्हणाले, "आमची सून रोज हिंजवडीला जाते, आणि मी महिन्यातून दोनदा साताऱ्याला. गाड्या उलट्या घेतल्या आम्ही."

"बदलून घ्या ना घरातल्या घरात," हायब्रिडवाल्या ताई हसून म्हणाल्या.

"घरात दुसरी डिझेल आहे," काका म्हणाले, आणि वहीचं पुढचं कोरं पान उलटून त्यांनी वर तारीख घातली, खाली डिझेलचं रीडिंग.