कर्तव्यरजा: आदेश हातात घेऊन निघा

(नव्याने रुजू झालेल्या सहायक प्राध्यापकांसमोर एका अनुदानित महाविद्यालयातील निवृत्त कार्यालय अधीक्षकांनी केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना येत्या वर्षा-दोन वर्षांत उद्बोधन किंवा उजळणी वर्गाला जावं लागेल. पदोन्नतीसाठी ते लागतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण त्या दिवसांची नोंद कार्यालयात कशी होते, याकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं. माझी सगळी नोकरी हजेरीपत्रक आणि सेवापुस्तक सांभाळण्यात गेली, म्हणून आज फक्त तेवढ्याच विषयावर बोलतो.

किरकोळ, अर्जित किंवा अर्धवेतनी रजा तुमच्या स्वतःच्या गरजेसाठी असते. घरचं लग्न असेल, आजारपण असेल, तुम्ही कामावर नसता आणि तेवढे दिवस तुमच्या खात्यातून वजा होतात. कर्तव्यरजेत तुम्ही कामावरच असता, फक्त कामाची जागा बदललेली असते. संस्थेने तुम्हाला पाठवलेलं असतं किंवा तुमच्या जाण्याला तिची संमती असते. म्हणून पगार चालू राहतो आणि शिल्लक रजेला हात लागत नाही. नावात रजा हा शब्द असल्यामुळेच गोंधळ होतो. सरकारी कार्यालयांत अशा प्रशिक्षणाचा काळ सरळ कर्तव्यकाळ म्हणून धरतात, आणि मला तो शब्द जास्त नेमका वाटतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 18 जुलै 2018 च्या विनियमांनुसार शिक्षकाला एका शैक्षणिक वर्षात 30 दिवसांपर्यंत कर्तव्यरजा देता येते. उद्बोधन वर्ग, उजळणी वर्ग, संशोधनपद्धतीची कार्यशाळा, परिषदा, दुसऱ्या विद्यापीठाच्या निमंत्रणावरून दिलेली व्याख्यानं, हे सगळं त्यात येतं. मात्र ‘देता येते’ हे शब्द नीट ऐका. ती मंजूर करणाऱ्याच्या अधिकारात आहे, तुमच्या खात्यात आपोआप जमा होत नाही. वर्षाच्या शेवटी शिल्लकही राहत नाही.

आता आमच्याकडे घडलेली एक गोष्ट सांगतो. तीन वर्षं नोकरी झालेले एक सर दोन आठवड्यांच्या उजळणी वर्गाला गेले. वर्ग सोमवारी सुरू झाला आणि पुढच्या आठवड्याच्या शनिवारी संपला, म्हणजे मधला रविवार धरून 13 दिवस. नोंदणीच्या अर्जावर प्राचार्यांची सही होती. सरांना वाटलं, झाली परवानगी. जाताना घाईत त्यांनी पहिल्या आठवड्यासाठी किरकोळ रजेचा आणि दुसऱ्या आठवड्यासाठी अर्जित रजेचा अर्ज टेबलावर ठेवला. आल्यावर प्रमाणपत्र देऊन सगळं कर्तव्यरजेत बदलून घेऊ, असं त्यांच्या मनात होतं.

परत आले तेव्हा दोन अडचणी उभ्या राहिल्या. किरकोळ रजेला अर्जित रजा जोडता येत नाही, त्यामुळे पूर्ण 13 दिवस अर्जित धरावे लागले. आणि कर्तव्यरजेचा आदेश कुठेच नव्हता. प्राचार्यांची सही ‘शिफारशीसह अग्रेषित’ या शब्दांखाली होती. नोंदणीचा अर्ज पुढे पाठवायला हरकत नाही, इतकाच तिचा अर्थ. तेवढ्यात प्राचार्यही बदलले होते, आणि आपण ज्यांना पाठवलंच नाही त्यांना मागील तारखेने पाठवल्याचं लिहायला नवे प्राचार्य तयार झाले नाहीत. त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

हे 13 दिवस किती मोलाचे होते, तेही सांगतो. आयोगाच्या विनियमांत शिक्षकाची अर्जित रजा प्रत्यक्ष सेवेच्या एक तीसांश या दराने जमा होते. म्हणजे 30 दिवसांच्या नोकरीला एक दिवस. 13 दिवसांची रजा साठायला 390 दिवस लागतात, वर्षाहून जास्त. सरांचं प्रमाणपत्र पदोन्नतीसाठी ग्राह्य धरलं गेलं, तिथे काही बिघडलं नाही. पण एका कागदाअभावी वर्षभराची कमाई गेली. त्या दिवशी ती नोंद मीच केली, आणि मला ती मनाविरुद्ध करावी लागली.

मग करायचं कसं? निवडीचं पत्र आलं की त्याच दिवशी विभागप्रमुखांमार्फत प्राचार्यांना स्वतंत्र अर्ज द्या. नोंदणीचा अर्ज वेगळा आणि हा वेगळा. विषयाच्या ओळीत ‘परवानगी मिळणेबाबत’ असं मोघम लिहू नका, ‘कर्तव्यरजा मंजूर होणेबाबत’ असंच लिहा. मजकूर साधारण असा असावा:

‘अमुक विद्यापीठाच्या मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रात दि. 6 जानेवारी ते 18 जानेवारी या काळात होणाऱ्या उजळणी वर्गासाठी माझी निवड झाली आहे. निवडपत्र सोबत जोडले आहे. सदर कालावधीसाठी मला पूर्ण वेतनी कर्तव्यरजा मंजूर करावी, ही विनंती. माझ्या तासिकांची पर्यायी व्यवस्था सोबतच्या तक्त्यात दिली असून त्यावर संबंधित सहकाऱ्यांच्या सह्या आहेत. या वर्षी यापूर्वी मी चार दिवस कर्तव्यरजा घेतली आहे. परत आल्यावर उपस्थितीचे प्रमाणपत्र सादर करीन.’

यातला तासिकांचा तक्ता फार कामाचा. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा नियमामुळे नाही, मागे वर्ग कोण घेणार या प्रश्नामुळे. तो प्रश्न तुम्हीच सोडवून आणलात तर प्राचार्यांचं काम सोपं होतं. आधी घेतलेले दिवस लिहिले की कार्यालयाला 30 दिवसांचा हिशेब लगेच लागतो. केंद्र दूर असेल तर प्रवासाचा दिवसही अर्जातच मागा, नंतर तो वेगळा मागताना वाद होतो. प्रवासखर्च मात्र कर्तव्यरजेबरोबर आपोआप मिळत नाही. तो कोण देणार, हे निवडपत्रात पाहा.

अर्ज आवक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख घ्या. मग थांबायचं नाही. दोन-चार दिवसांनी जाऊन विचारा आणि जावक क्रमांक असलेला लेखी आदेश हातात घ्या. ‘जा हो सर, काही अडचण नाही’ हे तोंडी आश्वासन प्रेमाचं असतं, पण सेवापुस्तकात ते चिकटवता येत नाही. परीक्षेचं काम आहे म्हणून नकार मिळाला, तर तोही लेखी मागा आणि पुढच्या तुकडीसाठी अर्ज करा. रागाने साधी रजा टाकून जाऊ नका.

परतल्यावर पहिल्याच दिवशी रुजू अहवाल आणि प्रमाणपत्राची प्रत द्या. हजेरीपत्रकात त्या तारखांसमोर काय लिहिलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. चूक त्याच महिन्यात सापडली तर दुरुस्त होते.

पीएच.डी.साठी वर्ष-दोन वर्षं जायचं असेल तर हा मार्ग नाही. त्यासाठी अध्ययन रजा आहे आणि तिचे नियम पूर्ण वेगळे आहेत. वर्गाच्या काळात खर्चापलीकडे मानधन किंवा शिष्यवृत्ती मिळत असेल, तर कर्तव्यरजा कमी वेतनावरही मंजूर होऊ शकते, म्हणून ती रक्कम अर्जात लपवू नका.

ऑनलाइन वर्गांचं मला जास्त वाईट वाटतं. घरीच किंवा कॉलेजातच बसलेले असता, मग रजा कशाला, असं म्हणून शिक्षकाला दिवसभराच्या वर्गातून उठवून तासाला पाठवलेलं मी पाहिलंय. इकडे तास अर्धवट, तिकडे उपस्थिती अपुरी. अशा वेळी अर्जाला वर्गाचं रोजचं वेळापत्रक जोडा. सकाळपासून संध्याकाळपर्यंतची सत्रं कागदावर दिसली की हा पूर्ण वेळेचा वर्ग आहे हे समजावून सांगावं लागत नाही. कॉलेजात बसूनच वर्ग करणार असाल तर तसंही लिहा आणि त्या दिवसांत तासिका लावू नयेत, एवढं एक वाक्य आदेशात मागून घ्या.