खजुराचा लाडू आणि पाण्याचा हिशेब

(दृश्य: ताटलीत सहा लाडू. सगळे खाली बसून चपटे झालेले.)

रात्री वळले तेव्हा हे बेसनाचे लाडू छान गोल होते. सकाळी बघितलं तर असे बसलेले. साखरेऐवजी तेवढीच खजुराची पेस्ट घातली, एवढाच काय तो बदल. चवीला बरे होते, पण तिसऱ्या दिवशी आंबूस वास यायला लागला. माझा हा पहिला घाणा. गोडी कमी पडेल अशी धास्ती होती, घात केला पाण्याने.

(दृश्य: वजनकाट्यावर बिया काढलेला खजूर.)

पिठीसाखर कोरडी असते. मऊ खजुरात मात्र साधारण दोनतृतीयांश साखर असते, आणि बाकीच्यात चोथा आणि पाणी. म्हणून दीडशे ग्रॅम साखरेची गोडी हवी असेल, तर बिया काढून सव्वादोनशे ग्रॅम खजूर घ्यावा लागतो. पाव किलो बेसनाच्या लाडवांना एवढा पुरतो.

प्रत्येक खजूर उभा फाडून आत बघायचा. कधी कीड निघते, कधी काळी भुकटी. देठाची टोपी राहिली तर ती हमखास दाताखाली येते. सालीवर पांढरट कण दिसले म्हणून लगेच टाकून देऊ नका. टणक आणि कोरडे असतील तर ती वर आलेली साखर असते. कापसासारखे तंतू असतील तर मात्र बुरशी.

(दृश्य: खजुरावर गरम पाणी ओततानाचा जवळून शॉट.)

भिजवायला कडकडीत गरम पाणी, फक्त शंभर मिली. खजूर बुडणार नाही, पण झाकण ठेवून अर्धा तास ठेवला आणि मध्ये एकदा खालीवर केला की मऊ होतो. भरपूर पाण्यात रात्रभर भिजवून ते पाणी ओतून देणारे बरेच असतात. खजुरातली बरीच साखर त्या पाण्यात उतरलेली असते, म्हणजे गोडीच मोरीत जाते. आपण वाटायला तेच पाणी वापरायचं.

(आवाज: मिक्सर थांबत थांबत फिरतो.)

सलग फिरवलं तर पात्याखाली गोळा अडकतो, पातं नुसतं फिरतं आणि मोटर तापते. थोडं फिरवायचं, थांबायचं, कडेचं खरवडून खाली घ्यायचं. सालीचे बारीक तुकडे राहिले तर चालेल, लाडवात ते कळत नाहीत.

(दृश्य: कढईत रटरटणारी पेस्ट.)

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. आपली पेस्ट आहे सव्वातीनशे ग्रॅम. म्हणजे घातलेलं शंभर ग्रॅम पाणी अजून तिच्यात आहे, ते घालवायचं. जाड बुडाच्या कढईत चमचाभर तूप टाकून मंद आचेवर परतायची. सुरुवातीला ती फटाफट उडते आणि हाताला चिकटून भाजते, म्हणून लांब दांड्याचं उलथणं घ्यायचं. बारा-पंधरा मिनिटांत ती कढई सोडून उलथण्याभोवती गोळा होते. तरी मी एकदा काट्यावर ठेवते. तूप धरून दोनशे पस्तीस-चाळीस ग्रॅम भरलं, की आच बंद.

बेसन नेहमीसारखंच, शंभर ग्रॅम तुपात मंद आचेवर खमंग भाजायचं. तूप थोडं कमी चालतं, कारण लाडू बांधायला खजुराचा चिकटपणा असतो. पण गरम बेसनात पेस्ट टाकायची नाही. पेस्टमध्ये थोडं पाणी उरलेलंच असतं. उष्णता मिळाली की बेसन ते ओढून घेतं, फुगतं, तूप बाजूला सुटतं आणि हातात चिकट पिठलं येतं. दोन्ही कोमट झाल्यावर पेस्टचे छोटे गोळे बेसनात चुरायचे आणि तळहाताने रगडायचे, खजुराची रेघ दिसेनाशी होईपर्यंत.

(दृश्य: लाडू वळणारे हात.)

अठराएक लाडू होतात. रंग तपकिरी येतो. टाळूला चिकटणारा तो रवाळपणा यात येत नाही, हा लाडू चिवट-मऊ होतो. तो रवाळपणाच हवा असेल त्याने सरळ साखर घालावी, असं माझं स्पष्ट मत. आणि 'बिनसाखरेचा' म्हणताना जपून. दर लाडवात आठेक ग्रॅम साखर आहेच, चहाचे दोन छोटे चमचे म्हणा. ती खजुरातून आली, एवढाच फरक. मधुमेह असणाऱ्यांनी ती हिशेबात धरायलाच हवी.

शेंगदाणे, तीळ किंवा सुक्या मेव्याचे लाडू करायचे असतील, तर भिजवायचं खूळच नको. मऊ खजूर चिरून तुपावर दोन मिनिटं परतला, की तो आपोआप विरघळतो. आधी पाणी घालून मग ते आटवत कशाला बसायचं?

(दृश्य: दोन ताटल्या. एकीत बाहेर ठेवलेला लाडू, दुसरीत फ्रीजमधला.)

चांगली आटवली तरी पेस्ट साखरेइतकी कोरडी होत नाही. म्हणून हे लाडू घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवायचे आणि आठवड्याभरात संपवायचे. थंड लाडू दगडासारखा लागतो, तुपामुळे. खायच्या आधी अर्धा तास बाहेर काढला, की बोटाने दाबल्यावर हलकासा खळगा पडतो. तेव्हा खायचा.