उचल परत मागताना

आज मी एकाच पत्राबद्दल बोलणार आहे. फिरतीसाठी दिलेल्या उचलीतली जादा रक्कम कर्मचाऱ्याकडून परत मागण्याचं पत्र. सरकारी कार्यालयात तिला अग्रिम म्हणतात, नगरपालिकेत तसलमात, आपण आपली उचलच म्हणू.

आमच्या कारखान्यातल्या एका विक्री प्रतिनिधीनं बारा दिवसांच्या विदर्भ दौऱ्यासाठी ४५,००० रुपये उचलले. कामं लवकर आटोपल्यामुळे तो आठ दिवसांतच परत आला. त्यानं ३४,२४० रुपयांचं बिल लावलं. लेखा विभागानं त्यातले ३१,६४० मंजूर केले आणि त्याच्या हातात दोन ओळींचं पत्र पडलं : ‘आपणाकडून १३,३६० रुपये येणे आहेत. तीन दिवसांत भरावेत, अन्यथा पगारातून कापले जातील.’

तो पत्र घेऊन माझ्याकडे आला. चेहरा पडलेला. म्हणाला, “साहेब, माझ्या हिशेबानं मी दहा हजार सातशे साठ देणं लागतो. हे तेरा हजार कुठून आले?” त्याचा हिशेब बरोबर होता. वरचे २,६०० रुपये हॉटेलचे होते. नागपुरात तो दोन रात्री ३,१०० रुपयांच्या खोलीत राहिला आणि त्याच्या श्रेणीची मर्यादा होती १,८००. प्रत्येक रात्रीचे १,३०० नामंजूर झाले, पण पत्रात त्याबद्दल अवाक्षर नव्हतं. माणसाला आपण चोर ठरलो असं वाटतं ते अशा पत्रामुळे, आणि त्याला तसं वाटायला लावण्याचा आपल्याला काहीएक अधिकार नाही.

ते पत्र आम्ही मागे घेतलं आणि नवं लिहिलं. त्यात आधी उचलीची तारीख आणि व्हाउचर क्रमांक घातला, मग बिलाची रक्कम. त्याखाली बाकीचे दोन भाग वेगळे मांडले. न खर्चलेले १०,७६०, ज्याबद्दल वाद नाही. आणि नामंजूर २,६००, ज्यासमोर प्रवास नियमांतलं नेमकं कलम आणि दोन्ही रात्रींच्या पावत्यांचे क्रमांक. सोबत मंजूर बिलाची प्रत आणि उचलीच्या अर्जाची प्रत. हिशेब झाल्यावर शिल्लक रक्कम परत करीन, असं त्यानं त्या अर्जावर सही करून लिहून दिलं होतं. मागणीचा खरा आधार ती सही आहे. ती नसेल तर पत्र लिहिण्याआधी थांबा आणि कंपनीच्या नियमांत आधार सापडतो का ते पाहा.

आता परतफेड. ‘पगारातून कापू’ हे लिहायला सोपं, पण कापता किती येईल? जुन्या वेतन अदायगी कायद्यात एरवी कपातीची मर्यादा निम्म्या वेतनाची होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या वेतन संहितेतही एका पगारातल्या सगळ्या कपाती मिळून ५० टक्क्यांवर जाता येत नाही. ‘सगळ्या’ हा शब्द नीट ऐका. या माणसाचं वेतन २८,०००, म्हणजे मर्यादा १४,०००. त्यातून भविष्य निर्वाह निधीचे १,८००, व्यवसाय कराचे २०० आणि पतसंस्थेचा ६,००० चा हप्ता असे ८,००० आधीच जात होते. उरली जागा ६,००० ची. तेरा हजार एकदम कापले असते तर कायदा आपणच मोडला असता.

म्हणून पत्रात तीन वाटा दिल्या. पंधरा दिवसांत बँकेत एकरकमी भरणा. किंवा पगारातून ३,३४० चे चार हप्ते, त्याच्या लेखी संमतीनं. किंवा त्याचं पुढचं फिरतीचं बिल मंजूर होईल त्यातून वळती, आणि उरलेल्याचे हप्ते. खाली दोन ओळी मोकळ्या ठेवल्या : ‘मी अमुक पर्याय निवडतो’ आणि ‘पुढील रकमेला माझी हरकत आहे, कारण…’. व्याज लावलं नाही, कारण आमच्या नियमांत ते नव्हतं. नियमात नाही ते पत्रात घालू नका.

इथे कुणीतरी हमखास रफिक मसीह खटल्याचा दाखला देतं. सर्वोच्च न्यायालयाचा तो २०१४ चा निकाल सरकारी कर्मचाऱ्यांना चुकून जादा दिलेल्या पगाराबद्दलचा आहे. खालच्या श्रेणीतल्या किंवा निवृत्त कर्मचाऱ्यांकडून अशी वसुली करता येत नाही, असं त्यात म्हटलं आहे. उचलीचं तसं नाही. हिशेब द्यायचाय हे घेणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं.

त्यानं हरकतीची ओळ भरली. त्या आठवड्यात नागपुरात मर्यादेतली खोली मिळाली नव्हती, आणि जादा भाड्याला विभागप्रमुखांनी ईमेलवर होकार दिला होता. बिलाला तो ईमेल जोडायचा राहिला होता. आम्ही २,६०० मंजूर केले, मागणी १०,७६० वर आणली आणि सुधारित पत्र दिलं. त्यानं २,६९० चे चार हप्ते निवडले. चौथ्या पगाराच्या दिवशी उचल खात्यावर बाकी शून्य झाली, आणि तसं लेखी पत्र त्याला आम्ही त्याच दिवशी दिलं.